एकशेसाठावं पोर

शिरीनच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं जव्हारच्या त्या ऑफिसात सगळे म्हणत, आणि शिरीनला ते ऐकायला फार आवडे. हारुन टेलरची मुलगी ती. मापात सूतभर फरक पडला तर बाप शिवण उसवायला लावी, तीच खोड हिला लागली होती. बी.कॉम. होऊन ती एका संस्थेत लागली. संस्थेनं पावसाळा सरल्यावर मोखाड्याच्या पाड्यांवर लहान पोरांची वजनं करून घेतली होती आणि आता त्याचं कोष्टक तपासायचं काम शिरीनकडे होतं.

कोष्टक साधंच होतं. आडव्या ओळी दोन, रस्त्याकडेचे पाडे आणि आतले पाडे. उभे रकाने तीन, साधारण, कमी वजनाची आणि अतिकुपोषित. प्रत्येक चौकटीत तीन आकडे: पोरं किती, त्या ओळीच्या शंभरात किती, त्या रकान्याच्या शंभरात किती. हे तिघं एकमेकांचे पक्के चुगलखोर. एक खोटं बोलला की उरलेले दोघं लगेच तोंड उघडतात.

सगळ्यांचं लक्ष एकाच चौकटीवर होतं. आतल्या पाड्यांत अतिकुपोषित पोरं शंभरात पंधरा किंवा जास्त निघाली, तर पैसे देणारे तिथं वर्षभर पोरांना शिजवून घालणार होते. एक आकडा कमी पडला, तर चूल पेटणार नव्हती.

टक्केवारी आणि ओळींच्या बेरजा, आधी कळवलेल्या आकड्यांवरून, ठाण्याहून छापून आल्या होत्या. शेवटची खात्री म्हणून शिरीननं सगळे फॉर्म स्वतः गठ्ठे लावून मोजले आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसली. आतले पाडे, अतिकुपोषित: तेवीस. छापील टक्के पंधरा. पण ओळीची छापील बेरीज एकशेसाठ, आणि एकशेसाठात तेवीस म्हणजे चौदा पूर्णांक चार. तिनं उभा रकाना पाहिला. रस्त्याकडची वीस, आतली तेवीस, मिळून त्रेचाळीस. त्यात तेवीस म्हणजे साडेत्रेपन्न टक्के यायला हवेत. छापलेत साडेचोपन्न. चव्वेचाळिसात चोवीस धरले की बरोबर साडेचोपन्न येतात. ओळीतले फॉर्म स्वतः मिळवले तर चौसष्ट, बाहत्तर आणि तेवीस, एकशे एकोणसाठ. म्हणजे दोन्ही टक्केवाऱ्या एकच सांगत होत्या. याच चौकटीतलं एक पोर गायब होतं.

आतल्या पाड्यांचे फॉर्म माघ्यानं भरून आणून दिले होते. माघ्या त्याच पाड्यांवरचा, दहावीपर्यंत शिकलेला, वजनकाटा खांद्याला अडकवून डोंगर तुडवणारा. शिरीननं निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी तो खोडाळ्याहून जीपला लोंबकळत आला. दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच ती सुरू झाली.

"माघ्या, एकशेसाठ पोरं लिहून दिली होतीस. एकशे एकोणसाठच निघाली. एक पोर काय गिळलंस का?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. माघ्यानं खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला.

"फॉर्म मीच काढला ताई. माझी चैती व्हती ती. गेली ना."

 हसणारे दोघं कागदात डोकं घालून बसले.

"पण काढलास कशाला?" तिनं हळू विचारलं.

"बापूस मेला तवा रेशनकार्डावर त्याचं नाव ऱ्हायलं व्हतं. दुकानवाल्यानं चार माणसांत चोर म्हणून हिणवलं. मेल्याच्या नावाचं खाता, म्हणं. म्हणून म्हटलं, आपण आधीच काढावं." तो खाली बघत होता. "रखमीनं, तिच्या आयनं, तो कागद पोरीसंगंच मातीत ठेवला. तिचं नाव लिहिलेलं तेवढंच व्हतं."

शिरीनला फार वाईट वाटलं. खोटं नाही, खरंच वाटलं. पण आकडा डोक्यातून जाईना. तिनं त्याला समजावलं: ही शिरगणती आहे वजनाच्या दिवसाची. त्या दिवशी जे पोर काट्यावर बसलं ते मोजायचं, मग पुढं काही होवो. चैती मोजली तर पंधरा टक्के, पाड्यावर चूल. काढली तर नाही. माघ्याच्या घरी अजून एक पोरगा होता, लक्ष्या, वर्षाचा. तोही त्याच रकान्यात होता.

"मंग लिवा ताई," माघ्या म्हणाला. "पुन्यांदा लिवा."

तिनं कोरा फॉर्म त्याच्यापुढं सरकवला आणि प्रश्न विचारत गेली, जसे दर फॉर्मला विचारायचे तसेच. नाव. चैती. वय. अडीच वर्षं, चैतात झालेली. वजन. माघ्यानं पेन उचलून धरलं.

"सहा किलो नऊशे," तो म्हणाला. "रडत व्हती, काटा ठरत नव्हता. मीच धरली व्हती."

त्यानं सही केली, खाली तारीख घातली. शिरीननं ती पाहिली नाही. तिचे डोळे कोष्टकावर होते. चोवीस. एकशेसाठ. पंधरा. साडेचोपन्न. तिघं चुगलखोर एका सुरात बोलत होते आणि तिला, लाज वाटायला हवी होती तिथं, बरं वाटत होतं.

शुक्रवारी मोखाड्याहून हेमंत सर आले. प्रकल्पाचे प्रमुख, माणूस शिस्तीचा. कोष्टकावरून बोट फिरवून म्हणाले, "वा, ताळा चोख आहे." मग त्या चौकटीचे फॉर्म मागितले, चाळले आणि एकावर थांबले.

"ही माघ्याची मुलगी. हिच्या अंत्यविधीची रजा मीच दिली होती. आणि फॉर्मवर तारीख या मंगळवारची? मेलेल्या पोरीचं वजन केलंन यानं?"

माघ्याला शिकवलं होतं, ज्या दिवशी लिहाल त्या दिवसाची तारीख घाला. त्यानं शिकवल्याबरहुकूम केलं होतं.

"पाड्यावर चूल यावी म्हणून पोरीच्या मढ्यावर आकडा वाढवला," सर म्हणाले. "शिरीन, तू तपासलं होतंस ना? तुझ्यासमोर लिहिलंय हे?"

ठाण्याची छापील प्रत तिच्या खणात होती. चैती जिवंत असताना कळवलेल्या, चोवीस धरून काढलेल्या टक्क्यांची. खण ओढून ती टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. पण मग कोरा फॉर्म कुणी दिला, कुणाच्या परवानगीनं, तेही सांगावं लागलं असतं. खणाची चावी तिच्या मुठीत होती.

"त्यानं आणून दिला सर," ती म्हणाली. "मी फक्त मोजला."

सरांनी फॉर्म फाडला. माघ्याला कामावरून काढल्याचा निरोप जीपवाल्याबरोबर गेला.

संध्याकाळपर्यंत शिरीननं कोष्टक नव्यानं केलं. आतले पाडे, एकूण एकशे एकोणसाठ. अतिकुपोषित तेवीस, ओळीत साडेचौदा टक्के, रकान्यात साडेत्रेपन्न. तिन्ही आकडे जुळले. फक्त ओळीतले टक्के, चाळीस पूर्णांक तीन, पंचेचाळीस पूर्णांक तीन आणि साडेचौदा, यांची बेरीज शंभर पूर्णांक एक येत होती. सर म्हणाले, वाचणारे विचारतील, खुलासा टाक.

महिन्याभरानं माघ्या आला. वजनकाटा परत करायचा होता. तिच्या टेबलावर तो ठेवून जरा घुटमळला.

"ताई, त्या कागदात चैती हाये का?"

छापून आलेला अहवाल समोरच पडला होता. शिरीननं तो उघडला नाही. कोष्टकाच्या खाली बारीक अक्षरात तिनं स्वतः टाकलेली ओळ तिला पाठ होती: टक्के जवळच्या दशांशापर्यंत घेतल्यामुळे बेरजेत एक दशांशाचा फरक दिसतो.

"नाही," ती म्हणाली, आणि काटा मिळाल्याची पावती लिहायला घेतली.