बत्तिसावं पान

"पत्ते काढ," धाकटी म्हणाली, "नाहीतर मी काढते."

थोरली निळ्या पोशाखाला हुक लावत बसली होती. धाकटी उद्या हाच पोशाख घालून नोंदणी कचेरीत सही करायला जाणार होती. थोरलीनं दातात दोरा धरून नुसती मान हलवली. कपडे आखूड-सैल करून देण्याच्या दुकानात जन्म गेलेल्या बाईला दातात दोरा असला की उत्तर द्यावं लागत नाही. केवढी सोय!

"ताई, मी भिंतीशी बोलत नाहीये."

"ऐकतेय. नाही काढणार."

"गल्लीत सगळ्यांचे काढतेस. बेकरीवालीच्या हरवलेल्या मांजरासाठीसुद्धा मांडलेस!"

"आलं ना परत?"

"भूक लागली म्हणून आलं ते."

"एवढं कळतं, मग तुला कशाला हवेत पत्ते?"

धाकटी खुर्ची ओढून समोर बसली. ती तपासणी केंद्रात रक्त काढण्याचं काम करायची. दिवसभर घाबरलेल्या लोकांना 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं' म्हणायची. उद्या चाळिशीच्या उंबरठ्यावर तिचं लग्न होत होतं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका हसऱ्या, ढगळ विजारीतल्या माणसाशी.

"सगळं इतकं सरळ चाललंय ना, की भीतीच वाटते," ती म्हणाली. "कुणीतरी एकदा म्हणा, ठीक आहे म्हणून."

"मी म्हणते. ठीक आहे."

"तू तर म्हणणारच. पत्त्यांनी म्हणू दे. आत्याचं कसं खरं झालं होतं!"

थोरलीनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आत्यानं याच टेबलावर सगळी पानं मांडली होती. बदामाची राणी म्हणजे थोरली, आणि तिच्या अगदी उजव्या कुशीला येऊन बसली इस्पिकची नव्वी. सगळ्या गड्डीतलं सर्वांत वाईट पान. आजार, घात, ताटातूट, काय हवं ते घ्या. "घाबरू नकोस," आत्या म्हणाली होती, "फक्त जपून राहा." थोरली जपून राहिली. नवरा खोकला की ती उठून बसायची. तो दुकानातून यायला रेंगाळला की खिडकीत उभी. तो हसला तरी हिला वाटायचं, शेवटचं हसतोय की काय. अकरा वर्षांत त्याला साधा ताप आला नाही. शेवटी एक दिवस तो धडधाकट माणूस बॅग भरून म्हणाला, "तुझ्याजवळ असलो की मला आजारी असल्यासारखं वाटतं गं," आणि गेला. घरात सगळे म्हणाले, बघा, आत्याचं पान! थोरली काहीच म्हणाली नाही. दातात दोरा असावा तशी.

ती लोकांना पत्ते सांगायची, कारण लोक हवं तेवढं ऐकून घरी जातात. आपल्या माणसाचं तसं नसतं. आपलं माणूस ऐकलेलं घेऊन राहतं.

"बरं, काढते," ती शेवटी म्हणाली. नाही म्हणत राहिलं तर धाकटी 'ताईला काहीतरी ठाऊक आहे' असं धरून बसली असती. "जा, चहा टाक."

धाकटी पाठमोरी झाली. थोरलीनं डबीतून गड्डी काढली आणि सवयीनं दुर्रीपासून छक्कीपर्यंतची हलकी पानं वेगळी केली. पत्ते बघायला ती लागत नाहीत. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस पानंच बोलतात. त्या हलक्या पानांबरोबर तिनं इस्पिकची नव्वीही डबीत सरकवली आणि झाकण लावलं. गिऱ्हाइकांसाठी ती सातच पानांची ओळ मांडायची. सातांत एखादं आलं नाही, तर कुणाला काय कळणार?

धाकटी कप घेऊन आली. तिनं पानं पिसली, डाव्या हातानं तीन ढीग केले. थोरलीनं ते उचलून एकावर एक ठेवले.

"आता सात पानं—"

"सात नकोत. सगळी मांड. आत्यानं तुझ्यासाठी मांडली होती तशी."

"अगं, एवढी कशाला? डोळे दुखतात माझे."

"मिटल्या डोळ्यांनी बाह्या लावतेस, असं सांगत फिरतेस ना? मांड."

थोरली मांडू लागली. एका ओळीत आठ, अशा चार ओळी. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बदामाची राणी आली. "ही मी!" धाकटी टाळी वाजवून म्हणाली. राणीच्या डावीकडचं ते झालं-गेलं, उजवीकडचं पुढचं. डोक्यावरचं पान मनावरचं ओझं, पायाखालचं आपल्या ताब्यातलं. जवळचं पान जोरात बोलतं, लांबचं पुटपुटतं. राणीच्या उजवीकडे चक्क किलवरचा राजा, म्हणजे नवरदेवच, आला आणि त्याला लागून बदामाची नव्वी. मनातली इच्छा पुरी होण्याचं पान.

"ताई! बघ ना!"

"बघतेय," थोरली म्हणाली. एवढी सुंदर मांडणी तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. चौथी ओळ सुरू झाली. हातातली पानं संपत आली होती आणि थांबायला एकही निमित्त सुचत नव्हतं. चौकटची दश्शी. बदामाचा एक्का, म्हणजे घर. किलवरची अठ्ठी. हात रिकामा झाला.

शेवटची जागा मोकळीच राहिली.

धाकटीनं बोट ठेवून ओळ मोजली. "एक कमी आहे."

"पडलं असेल खाली."

धाकटी खाली वाकली नाही. ती रंग लावून बघू लागली. बदाम पूर्ण. किलवर, चौकट पूर्ण. इस्पिकशी तिचं बोट थांबलं. मग तिनं डबी ओढली, झाकण काढलं.

"तुला दिसलं होतं," ती हळूच म्हणाली. "माझ्या शेजारी काय येणार ते."

"अगं, नाही! पिसायच्या आधीच काढून ठेवलं होतं मी. तूच तर पिसलीस ना नंतर!"

"मग काढलंस कशाला?"

याचं उत्तर होतं, फक्त ते वीस वर्षांचं होतं. थोरलीनं ते सांगितलंही, अडखळत, एकदम. पान खरं झालं नव्हतं, मी ते खरं केलं. तो चांगला होता. मीच त्याला रोज थोडा थोडा मारला.

धाकटीनं तिचा हात थोपटला. "किती गं सांभाळतेस मला," ती म्हणाली. रुग्णाला बोलतात तसा आवाज होता. तपासणी केंद्रातला.

"नव्वी घालून पुन्हा मांडू या? कुठेतरी लांब कोपऱ्यात येईल बघ."

"एकाच प्रश्नाला एका दिवशी दोनदा मांडायचं नसतं. तूच सांगतेस बेकरीवालीला." आणि ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. "मांडलेलं पान कुठे आहे ते तरी दिसतं, ताई."

थोरलीनं पानं गोळा करायला घेतली.

दार वाजलं. लिफ्टवाला उद्यासाठी शेजाऱ्यांकडून आणून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या न्यायला आला होता. "काय नवरीबाई, पळून जायचा बेत तर नाही?" तो दारातूनच म्हणाला. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. पट्ट्या त्याच्या नेहमीच्याच. परवापर्यंत धाकटी म्हणायची, तुला दागिन्यांऐवजी पट्ट्याच घालते लग्नात.

आज तिनं तो अंगठा हातात धरला. "काय झालं? कधी?"

"काही नाही गं, पत्रा लागला."

"खोल आहे? सुई घेतलीस? आणि आता ह्या एवढ्या खुर्च्या घेऊन जिना उतरणार?"

"मग काय लिफ्टनं उतरू? ती मीच दुरुस्त केलीय, माझा विश्वास नाही," तो हसला. तिनं हसून दाखवलं नाही, तेव्हा त्यानं गोंधळून थोरलीकडे पाहिलं.

थोरली खांद्यानं दार उघडं धरून उभी राहिली. तो दोन्ही बगलांत खुर्च्या घेऊन उतरू लागला. त्याच्या मागे एक हात पुढे धरून, पायरीपायरीला धाकटी उतरत होती. "सावकाश," ती म्हणत होती. "सावकाश रे." खालच्या वळणावर तो थांबला, वर वळून जरा चिडूनच म्हणाला, "अगं, मी रोज करतो हे काम." आणि पुढची पायरी तो, पहिल्यांदाच, खाली बघून उतरला.