राग नाही हो, मॅडम!

"मॅडम, आमचंच बोलणं तुम्ही पोपटासारखं आम्हालाच का ऐकवता?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाळेच्या समुपदेशक मॅडमच्या खोलीत शिरताच वर्गातल्या बडबडीने बॉम्ब टाकला. दाराबाहेर तिघी तोंड दाबून हसत होत्या.

"म्हणजे तुला वाटतं, मी ऐकत नाही, नुसती री ओढते?"

"बघा, ओढलीच!"

मॅडमही हसल्या. घंटा झाली, तिघी पळाल्या. बडबडी मात्र खुर्चीला चिकटलेलीच.

"पुढच्या वर्षी मी हॉस्टेलला जाणारे. आईबाबांनी ठरवलं. सगळ्या म्हणतात, मज्जा आहे बाई तुझी!"

"आईबाबांनी ठरवलं आणि मज्जा आहे असं इतर म्हणतात. तुला राग आलाय का?"

"राग नाही हो! ताई नोकरीसाठी परगावी गेली तेव्हापासून जेवताना मी एकटीच बडबडते. दोघं फोन बघत हं हं करतात. मी नसले तरी त्यांना काय फरक पडणारे?"

"राग नाही, माझं चुकलं. आपण असलो-नसलो तरी घरात सारखंच, असं वाटतं. भरल्या घरात एकटं वाटतं."

"हो," एवढंच बडबडी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही बोलली नाही.

संध्याकाळी ताटं वाढून झाल्यावर तिने दोघांचे फोन उचलले आणि थेट फ्रीजवर ठेवले.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली.

"आई, बाबा, मी हॉस्टेलला जाणार नाही. मला तुमच्याजवळच राहायचंय."