सेकंदभराची उधळण

पलसाण्याच्या डाईंग मिलमधलं हजेरीचं अ‍ॅप मी बनवलंय. हजेरी लागली की फोनवर नाव येतं, स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडतात आणि ते नाव वॉचमनला दाखवायचं. पहिल्या दिवशी कागद तीन सेकंद नावावरच उडत राहिले, कामगारांचे स्वस्त फोन हँग झाले, गेटवर रांग तुंबली.

"काढून टाक," साहेब म्हणाले.

मी कशाला काढू? दोनशे तुकड्यांचे तीस केले, नावाची जागा मोकळी सोडली, सेकंदाच्या आत खेळ संपवला.

आज रांग भराभर सरकत होती. माझे पप्पा तिथेच कामाला. त्यांनी फोन दाखवला.

"नाव दिसलं. चला पुढे," वॉचमन म्हणाला.

पप्पा हलेचनात. रांग थांबली.

"आणि कागद? उद्या पापणी मिटू नका, भाऊ. माझ्या दीप्तीनं उडवलेत."