गुरुवारी चारऐवजी

शहरातल्या बसगाड्यांचं वेळापत्रक बनवणाऱ्या त्या खात्यात येऊन बारकीला बरीच वर्षं झाली होती, पण नाव बारकीच राहिलं होतं. आली तेव्हा सगळ्यांत लहान होती. खात्यातल्या सगळ्यांत जुन्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. गेल्या महिन्यात तिला टीमप्रमुख केलं, खिडकीजवळची खुर्ची मिळाली, पण हाक काही बढतीला दाद देईना. तिलाही ते बरंच वाटत होतं. माणसं जुन्याच नावाने हाक मारतात तोवर आपण त्यांच्यातलेच आहोत, असा तिचा हिशेब होता.

त्या हिशेबाला सोमवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने सुरुंग लावला. कॅलेंडर उघडलं, दर गुरुवारी चार वाजता होणारी टीमची मीटिंग सकाळी नऊला नेली आणि खाली एक ओळ लिहिली, ‘सर्वांच्या सोयीसाठी वेळेत बदल करण्यात येत आहे.’ पाठवा म्हणून बटण दाबलं आणि लगेच पाणी प्यायला उठून गेली. माणूस काही चुकीचं करून आला की त्याला तहान लागते.

परत येईपर्यंत उत्तरं हजर. चष्म्याने, म्हणजे बसमधल्या यंत्रांवरची माहिती गोळा करणाऱ्या मुलाने, ‘येणार नाही’वर टिचकी मारली होती. पैलवानानेही तेच केलं होतं. पैलवान म्हणजे चालकांचा प्रतिनिधी, अंगाने काडी, पण आवाज असा की डेपोच्या या टोकाला खोकला तर त्या टोकाला कळावं. मास्तरांनी काहीच कळवलं नव्हतं. ते समोरच्याच टेबलावर होते. नेहमी जाता-येता दहा टोमणे मारणाऱ्या त्या माणसाने दिवसभर तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मंगळवारी बारकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “मास्तर, नवीन वेळ पाहिलीत ना?”

“पाहिली,” मास्तर म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले. टोक छान झालं होतं तरी करतच राहिले.

मीटिंग दुसऱ्या वारी न्यायची सोय नव्हती. आठवड्याभरात कुठल्या गाड्या उशिरा धावल्या, कुठे गर्दी मावली नाही, याचे आकडे बुधवारी संध्याकाळी हाती येत. सोमवारपासूनचे बदल थांब्यांवर चिकटवायचे तर ते शुक्रवारी सकाळी छापायला द्यावे लागत. मधे उरला गुरुवार. आणि त्या गुरुवारी चारलाच बारकीच्या आईची वेळ ठरली होती.

आईला पक्षाघाताचा झटका आला त्याला काही महिने झाले होते. हात सुधारला, पाय सुधारला, पण शब्द गेले. म्हणजे डोक्यात होते, तोंडापर्यंत यायचे नाहीत. चमचा हवा असला की ती चमच्याकडे बघायची, ओठ हलवायची आणि ‘घड्याळ’ म्हणायची. मग आपलं आपल्यालाच कळून गप्प व्हायची. स्पीच थेरपिस्टकडे ही भली मोठी रांग होती. कशीबशी एक जागा निघाली, ती गुरुवारी चारची. शिवाय बाईंनी निक्षून सांगितलं होतं, “घरातलं माणूस सोबत हवं, आणि दर वेळी तेच माणूस हवं. त्यांच्याशी कसं बोलायचं ते तुम्हालाही शिकायचंय.” बारकीचा नवरा कारखान्यात, सहाशिवाय सुटत नव्हता. उरली बारकी. साहेबांनी गुरुवारी लवकर जायची परवानगी लगेच दिली, ते तास इतर दिवशी भरून काढायचे ठरले. मीटिंगचं मात्र ‘तुझ्या टीमचं तू बघ’ म्हणाले.

टीमला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. महिना झाला नाही प्रमुख होऊन, आणि पहिलाच हुकूम काय, तर माझ्या घरच्या अडचणीसाठी तुम्ही सगळे हला. त्यापेक्षा ती ‘सर्वांच्या सोयी’ची ओळ बरी वाटली. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. आई बोलत नाही, हे वाक्य तिला मोठ्याने म्हणताच येत नव्हतं.

गुरुवार उजाडला. नवी वेळ पुढच्या आठवड्यापासून होती, म्हणून ही मीटिंग जुन्याच वेळेला होती. चार वाजले, कोपऱ्यातल्या खोलीत चहाचे कप आले. सबंध आठवड्यातली हीच एक वेळ होती जेव्हा दिवसाचं काम उतरलेलं असे, फोन शांत असत, आणि मीटिंग आटपली की सगळे बोलत बोलत एकदमच बाहेर पडत. आज मात्र प्रत्येकजण आपापल्या कपात बघत होता. आईचा पहिला तास शेजारीणबाईंच्या भरवशावर टाकून बारकी इथे बसली होती आणि तिचं निम्मं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात होतं.

आकडे झाले, गर्दी झाली. बारकीने घसा साफ केला. “पुढच्या आठवड्यापासून आपण नऊला...”

“मी येतो की नऊला,” पैलवान म्हणाला. “फक्त नऊला मी पुलावर असतो, गाडी गच्च भरलेली असते. सगळ्यांना घेऊनच येतो मीटिंगला. खुर्च्या पुरतील ना?”

चष्मा फिसकन हसला. पैलवानाची सकाळची पाळी बारकीनेच तर आखली होती! डोळे मिटून सांगितली असती, आणि तीच विसरली. रोज हजारो लोकांच्या वेळा जुळवणारी बाई स्वतःच्या टीममधल्या एका माणसाची वेळ बघायला विसरली, यापेक्षा मोठी नामुष्की त्या खात्यात नव्हती.

“आणि माझी ड्युटीच दहाला सुरू होते,” चष्मा हळूच म्हणाला. “आधी विचारलं असतंस तर...”

“विचारायचं कशाला?” मास्तर आठवड्यात पहिल्यांदाच बोलले. “सर्वांची सोय आहे ना. बारके, ती ओळ मी तीस वर्षं लिहितोय. एखादी गाडी कमी केली की लिहितो, थांबा हलवला की लिहितो. तेव्हा ती कोणाची सोय असते ते मला चांगलं ठाऊक आहे. लोकांना लिहिली असतीस तर मी काही म्हटलं नसतं गं. आम्हाला लिहिलीस?”

‘वरून आदेश आहे’ हे वाक्य बारकीच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर सगळे साहेबांना शिव्या घालत घरी गेले असते आणि ती सुटली असती. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. ते दुखावले होते, आणि ते बघवत नव्हतं.

“माझी सोय आहे,” ती म्हणाली. “माझी एकटीची.”

मग तिने सांगितलं. आधी अडखळत, मग एका दमात. आई बोलत नाही, हे वाक्यही म्हटलं. म्हणताना आवाज फाटला, पण वाक्य पुरं केलं.

मास्तरांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. “म्हणजे मग फोन...”

आईचा फोन साऱ्या खात्याला माहीत होता. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती लेकीसाठी फोन करायची, आणि उचलायचे मास्तर. लेक बाजूलाच राहायची आणि या दोघांची जुंपायची. ‘तुमची गाडी आज पुन्हा उशिरा आली, झोपा काढता का?’ इथून सुरुवात व्हायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मास्तरांना नुसतं ‘हो’ आणि ‘चुकलं’ म्हणायचं काम उरायचं.

“तू म्हणालीस दवाखान्यात होत्या, आता बऱ्या आहेत,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं, आपण कधीतरी काही जास्त बोललो असू. रागावल्या असतील. विचारायचीही हिंमत झाली नाही.”

“त्या रागावल्या असत्या तर फोन करून सांगितलं असतं,” पैलवान म्हणाला, आणि स्वतःच नाक पुसायला लागला.

पुढे काय झालं ते फार सोपं आहे. त्या खोलीत बसलेल्यांचा धंदाच मुळी वेळा जुळवण्याचा. मास्तरांनी कागद ओढला. पैलवान दीडला सुटतो, डेपोतून इथे यायला जेमतेम अर्धा तास. बारकीला तीनला निघायला हवं. दोन ते तीन. पाच मिनिटंही लागली नाहीत.

“मी डबा इथेच खाणार,” पैलवानाने जाहीर केलं. “वासाबद्दल कोणी तक्रार करायची नाही.”

“आणि मी दोनला झोपतो,” मास्तर म्हणाले. “बसल्या जागी झोपतो, माझा इलाज नाही. घोरलो तर टिपणात लिहायचं नाही.”

त्या संध्याकाळी घरी आई खिडकीपाशी बसली होती. शेजारीणबाई म्हणाल्या, तासभर पाठ करून बसल्या हो तुमच्या आई, थेरपिस्टबाईंकडे बघितलंही नाही. बारकीने आईच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी तिने नवं निवेदन लिहिलं. चारची मीटिंग कालच्या तारखेला संपवली, नऊची काढून टाकली, म्हणजे कोणाच्या कॅलेंडरात दोन-दोन वेळा राहायच्या नाहीत. नवी वेळ दोन ते तीन, पुढच्या गुरुवारपासून, खोली तीच. बदल माझ्या घरच्या कारणामुळे, नऊची वेळ न विचारता कळवली ती माझी चूक. दोन महिन्यांनी पुन्हा सगळ्यांना विचारेन, कोणाला त्रास होत असेल तर आधीच सांगा. सगळ्यांचं ‘येणार’ आलं. मास्तरांनी सोबत एक ओळ जोडली होती, ‘नाइलाजाने, पण येणार.’ त्यांना ती वेळ आवडली नव्हती ती नव्हतीच, आणि पुढेही कधी आवडली नाही.

पुढच्या गुरुवारी ते खरंच झोपले. तीन वाजता चष्म्याने टिपण आवरतं घेतलं, पैलवानाने डबा बंद केला, आणि बारकी पर्स उचलून निघाली.

थेरपिस्टबाईंची खोली छोटी होती. टेबलावर चित्रांची कार्डं, तीन खुर्च्या. आई आधी बारकीकडे बघून मग बसली. बाईंनी बारकीला बजावलं, “त्यांचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. कितीही वेळ लागो. थांबायचं.”

चित्रं झाली. काही जमली, बरीच नाही जमली. मग बाईंनी बारकीकडे बोट दाखवलं. “आजी, या कोण?”

आईने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. कपाळावर आठी पडली. एक शब्द आला, तो चुकीचा होता. तिने मान हलवून तो परत पाठवला. पुन्हा ओठ हलले. बारकीच्या जिभेवर शब्द नाचत होता, तिने तो दातांखाली धरून ठेवला. आज तिला कुठे जायचं नव्हतं, कोणी तिची वाट बघत नव्हतं. ती थांबली.

“माझी,” आई म्हणाली.

“छान,” बाई म्हणाल्या. “तुमची कोण?”

आईने बाईंकडे पाहिलं. एवढं स्पष्ट सांगूनही काय कळत नाही या बाईला, असा तिचा जुना चेहरा झाला. तिने बारकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

“माझी,” ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने उत्तर पुरं झालं होतं.