सुरमई, बोंबील आणि नीटनेटकी प्रणाली

म्हसळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या किशोरीमॅडमचा त्या दिवशी संकष्टीचा उपास होता, आणि नेमके त्याच दिवशी इंग्रजीचे म्हात्रे सर गरम बटाटेवडे आणि प्रणालीचं पाप असं दोन्ही घेऊन त्यांच्या टेबलापाशी आले.

"मॅडम, तुमची हुशार विद्यार्थिनी सापडली बघा! शहाण्णव टक्के मशीनने लिहिलंय."

निबंधातली चोरी पकडायला सरांनी, लिखाण माणसाचं की मशीनचं ते सांगणारी एक तपासणी-साइट शोधून काढली होती. हौसेपोटी आता त्यांनी कॉम्प्युटरच्या मुलांचे प्रोग्रामही तिच्यात घातले होते. प्रोग्राम साधाच होता. कोणत्या बोटीला सगळ्यात जास्त मासळी मिळाली ते सांगायचं, एवढंच.

"प्राचार्यांना कळवतो दुपारी. प्रॅक्टिकलला शून्य पडेल तिला. नियम म्हणजे नियम."

प्रणाली दाराशीच उभी होती. मॅडमनी वड्यांवरची नजर मोठ्या निग्रहाने काढली आणि विचारलं, "आणि सगळ्यात कमी कोणाला?"

"आपल्या सुजितला, फक्त चार टक्के! बघा, दिसतो कसा आणि निघाला कसा! सगळ्यात अस्सल."

मॅडमनी सुजितचा प्रोग्राम उघडला. आत आकड्यांना दिलेली नावं सुरमई, बोंबील अशी होती, एका ओळीशेजारी 'आयला, चाललं एकदाचं' असा शेराही होता. त्यांना हसू आवरेना.

"सर, 'समुद्रावर संध्याकाळ' या विषयावर तीस मुलांनी लिहिलं, तर तीस तऱ्हा होतील ना?"

"व्हायलाच हव्यात."

"मग नेहमीचीच वाक्यं, सगळी एका मापाची दिसली की तुमची साइट शंका घेते. तिथेही ती कधी कधी चुकतेच. पण इथे यादीतला मोठा आकडा शोधायचाय. मशीनने लिहो, मी लिहो, प्रणालीने लिहो, ओळी जवळपास त्याच येणार. भाषेचे नियमच तसे कडक. आणि रिकाम्या जागा, ओळींची मांडणी तर एक बटण दाबलं की आपोआप सरळ होते. ते बटण दाबलं नाही म्हणून गेल्या वेळी गुण मीच कापले होते. हिने ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा."

"म्हणजे सुजितच्या सुरमईत काही अर्थ नाही?"

"नावं काहीही ठेवा सर, प्रोग्राम तसाच चालतो. निबंधात शब्द बदलले तर वाक्य बदलतं. इथे वरचं कातडं बदललं, सांगाडा तोच."

"मग पकडायचं कसं?"

"पकडायचं नाही. विचारायचं. चला लॅबमध्ये."

प्रणाली आणि सुजितला शेजारी बसवून मॅडम म्हणाल्या, "दोन बोटींची मासळी सारखीच भरली, तर दोन्हींची नावं यायला हवीत. करा."

प्रणालीने आधी एक चिन्ह बदलून पाहिलं. तर दोन्हींपैकी नंतरच्या बोटीचंच नाव आलं. ती नख चावत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "आधी नुसता मोठा आकडा काढते मॅडम. मग परत यादीभर फिरून, तेवढी मासळी ज्यांची ज्यांची, त्यांची नावं छापते." आणि तसं केलंही.

सुजित पडद्याकडे असा बघत होता, जणू आतून कोणी हाक मारणार आहे.

"काय रे, हा बोंबील दर फेरीला एकाने का वाढतोय?"

"मासळी वाढतेच की मॅडम. पावसाळा सरला की."

म्हात्रे सर खोकला आल्यासारखं करून हसले. "गाढवा, हे तू लिहिलंयस का?"

"न्हाय सर," सुजितने मान खाली घातली. "पण नावं मीच ठेवली हायत."

प्रणालीचं शून्य तिथेच विरलं. सर तिला "माफ कर गं पोरी" म्हणाले, आणि दोन वडे तिच्या हातावर ठेवले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "मॅडम, निबंधात मीही दोघांना पकडलंय. त्यांनाही बोलावून लिहिलेल्याविषयी विचारतो."

सुजितला मॅडमनी सांगितलं, "उद्या माझ्यासमोर बसून स्वतः लिही. मासळीबाजार नको, साधी नावं. आणि बटण दाबून ओळी सरळ कर."

दुसऱ्या दिवशी तो सकाळभर घाम गाळत बसला. एकदा फिरून भागलं असतं तिथे त्याचा प्रोग्राम यादीत तीनदा फिरत होता. पण चालत होता, आणि का चालतो ते सुजितला बोटाने दाखवता येत होतं. मॅडमनी गुण दिले.

म्हात्रे सरांना राहवलं नाही. त्यांनी तो प्रोग्राम साइटवर घातला आणि धावतच आले.

"मॅडम, हा तर पुन्हा सापडला! त्र्याण्णव टक्के!"

"हो का?" किशोरीमॅडम चहाचा घोट घेत म्हणाल्या. "मग आता प्रोग्राम खरा त्याचा झाला."