चोवीस स्लाइडचं एक पान

स्लाइड १. शीर्षक, दोन लोगो, हसरी नर्स

नर्स विकतची होती, म्हणजे फोटो विकत घेतलेला. डेकच्या, म्हणजे सादरीकरणाच्या, बाकीच्या तेवीस स्लाइड आकडेरावांनी केल्या होत्या. आकडेराव हे विक्री विभागातल्या माणसाचं ऑफिसातलं नाव. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"ताई, ह्याचं एक पान करून दे," तो फोनवर म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या तोंडून. 'मी', 'आम्ही', 'आमची लाँड्री'. प्रदर्शनात वाटायचंय. चोवीस स्लाइड कोण बघतो? मीसुद्धा बघत नाही."

"तू केल्यास ना?"

"केल्या म्हणून काय बघायच्या?"

ताई कंपनीची लेखिका. घरी, जेवणाच्या टेबलावर बसून ती असली पानं लिहायची. समोर आई मटार सोलत होती. लॅपटॉप आणि मटार यांच्यात एक अघोषित सीमारेषा होती, ती दाणे अधूनमधून ओलांडत.

स्लाइड ४ ते १०. अडचण, अडचण, अडचण, उपाय

अडचण अशी. एक मोठी लाँड्री हॉस्पिटलच्या चादरी धुते. चादरी गहाळ होतात. उपाय असा, की प्रत्येक चादरीच्या शिवणीत एक बारीक चिप बसवायची आणि लाँड्रीच्या दारात, वॉर्डांच्या दारात ती वाचणारी यंत्रं लावायची. चादर कुठून निघाली नि कुठे पोचली, पडद्यावर दिसतं. ही यंत्रणा ताईच्या कंपनीची.

सात स्लाइडच्या तिने तीन ओळी केल्या. हे तिला जमायचं. पाणी आटवावं तसं ती आटवायची. अडचण एकच ठेवायची. आकडाही एकच, गिऱ्हाइकाने स्वतः मान्य केलेला, आणि किती काळातला ते सांगून. बोलणारं माणूसही एकच, नाव आणि हुद्द्यासकट, कारण बिननावी कौतुकावर कुणी विश्वास ठेवत नाही. इथे ते माणूस म्हणजे लाँड्रीच्या पर्यवेक्षक बाई.

बाईंची वाक्यं मात्र ताईच लिहिणार होती. धंद्याची रीतच ती. आपण लिहायचं, गिऱ्हाइकाने वाचून होकार द्यायचा, मग ते त्याचं.

स्लाइड ११. "चोरीला आळा!"

उद्गारचिन्ह आकडेरावांचं.

पान, पहिला खर्डा

*"आमच्याकडे चादरींच्या चोरीचा प्रश्न गंभीर होता. ही यंत्रणा आल्यापासून चोरीला आळा बसला आणि वर्षभरात गहाळ चादरी एक तृतीयांशाने घटल्या. आज मी निश्चिंत आहे."*

ताईने सवयीप्रमाणे आईला वाचून दाखवलं. आईच्या कानाला खटकलं की पान नापास.

आईने एक शेंग उघडली, आत अळी निघाली, ती बाजूला ठेवली.

"ही बाई तिथेच काम करते ना?"

"तीच प्रमुख आहे."

"मग आपल्याच माणसांना चोर म्हणते होय? बाहेरचा कोण जाणार धुवायच्या चादरी न्यायला?"

ताईने स्लाइड ११ पुन्हा उघडली. तिथे तेच लिहिलं होतं, पण तिथे ते कुणी म्हणत नव्हतं. नुसता एक मथळा, शेजारी बाण. तिच्या पानावर ते एका बाईच्या तोंडात गेलं होतं. आणि ती बाई उद्या सकाळी त्याच माणसांना कामं वाटायला उभी राहणार होती.

"तू ना आई, मटार सोल."

"सोलतेच आहे. तू लिही."

स्लाइड ११अ. (डेकमध्ये नाही)

तिने बाईंना फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती, त्यामुळे बाई ओरडूनच बोलत होत्या.

"बोला ताई! पान झालं का? मालक रोज विचारतात. प्रदर्शनात आपलं नाव लागणार म्हणून गावभर सांगून झालंय त्यांचं."

"बाई, चोरी किती होत होती?"

घरघर अचानक कमी झाली. बाई बहुधा दार लावून बाहेर आल्या होत्या.

"चोरी कोण म्हणालं?"

"आमच्या डेकमध्ये आहे."

"असेल. आम्हीही तेच समजायचो. चिपा लावल्या तेव्हा माझी माणसं दोन महिने माझ्याशी धड बोलली नाहीत. म्हणायची, आम्हाला पकडायला आणलंय. मग पडद्यावर काय दिसलं? चादरी वॉर्डात जातात, परत येतच नाहीत. तिथल्या कपाटांत दडवलेल्या! नर्सनाही दोष नाही हो, ऐन वेळी चादर मिळत नाही म्हणून चार जास्तीच्या ठेवतात बिचाऱ्या. पण हे छापू नका. हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक आहे."

"मग तुम्हाला काय छापलेलं चालेल?"

"पूर्वी चादर हरवली की आम्ही माणूस शोधायचो. आता चादर शोधतो. एवढंच झालं बघा. बाकी तुमचं तुम्ही सजवा."

ताईने काहीच सजवलं नाही.

पान, दुसरा खर्डा

*"पूर्वी चादर हरवली की आम्ही माणूस शोधायचो. आता चादर शोधतो."*

हे वर, मोठ्या अक्षरांत. त्याखाली चिपांच्या तीन ओळी. त्याखाली, वर्षभरात गहाळ चादरी एक तृतीयांशाने कमी. शेवटी बाईंचं नाव नि हुद्दा, आणि कोपऱ्यात डेकमधलीच विकतची नर्स.

आकडेरावांचा फोन लगेच आला. "आकडा तळघरात टाकलास! आणि चोरी कुठे गेली? ताई, चोरी विकली जाते!"

"ती झालीच नव्हती."

"डेकमध्ये आहे की!"

"डेकमध्ये तू आहेस. पानावर बाई आहेत. त्यांच्या होकाराशिवाय छापता येतं का?"

नियम त्यालाही ठाऊक होता.

स्लाइड २३. गिऱ्हाइकाची मान्यता (प्रलंबित)

छपाईला पान जायच्या दिवशी दुपारपर्यंत होकार आला नाही. आकडेराव घटकेघटकेला विचारत होते. शेवटी बाईंचाच फोन आला.

"ताई, वाक्य माझंच आहे. पण सही नाही करत."

"काय चुकलं?"

"काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, 'छान आहे. मग दारातलं टेबल कशाला?' घरी जाताना त्या टेबलावर मालकांच्या हुकमाने आमच्या पिशव्या उघडून बघतात. अजून. रोज. म्हणजे वाक्य अजून खरं झालेलंच नाही ना."

दोन-तीन शब्द बदलायचे, ताईच्या मनात आलं. 'आम्ही माणूस शोधायचो' काढून 'आम्हाला त्रास व्हायचा'. पाच मिनिटांत काम. समोर आई बसली होती, आज हातात मटारही नव्हते.

"मी वाक्य बदलत नाही," ताई म्हणाली. "मालकांना सांगा, लेखिका म्हणते पान तयार आहे, फक्त एक टेबल आड येतंय. चारपर्यंत थांबते. नाहीतर ह्या वर्षी प्रदर्शन तुमच्याविना."

"असं सांगू?"

"माझं नाव घेऊन सांगा."

मग आकडेरावांना तिने एवढंच कळवलं, की चार वाजता. त्याने काय काय म्हटलं ते आईनेसुद्धा ऐकलं, आणि "बोलू दे" म्हणाली.

स्लाइड २४. धन्यवाद

चारला थोडा अवकाश असताना बाईंचा मेल आला. सही होती. सोबत एक फोटो. लाँड्रीचं दार, फरशी, आणि फरशीवर टेबलाच्या चार पायांचे चार फिकट चौकोन.

ताईने विकतची नर्स काढली आणि तो फोटो लावला.

"ह्यात काहीच नाहीये," आकडेराव म्हणाले.

"हो ना," ताई म्हणाली आणि पान छपाईला पाठवलं.