कढईनं सोडलं तेव्हा

दुकानवाल्या मावशींनी डबा काउंटरवर आपटला आणि झाकण काढलं.

"ही बर्फी म्हणायची, का पाकिटं चिकटवायची खळ? दोघांनी परत आणून दिली. एकीची तर कवळी अडकली म्हणे!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. थोरलीला वाटलं, आपल्या पाठीवर कुणी गरम पाणी ओतलं. गेली कित्येक वर्षं तिच्या दूध पावडरच्या बर्फीचा डबा या काउंटरवर सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. कधी एक वडी मागे आली नव्हती. तिच्या मागेच धाकटी जाऊ उभी होती, हातात रिकामी पिशवी घेऊन.

"मी नाही हो केली, मावशी," थोरली म्हणाली. आवाज जरा चढलाच. "हिनं केली. माझं मनगट दुखतंय, म्हटलं हिला देऊ हे काम. पण हिच्या हाताला वळणच नाही. समोर बसवून शिकवलं तरी घाई, घाई! उद्या मी माझ्या हातची आणते."

धाकटीनं पिशवीची घडी घातली, मोडली, परत घातली.

त्या घरात धाकटीचं असं काहीच नव्हतं. पोळ्या सासूसारख्या नाहीत, भाजी थोरलीसारखी नाही. बर्फी तेवढी तिच्याकडे यायची होती. मावशी म्हणाल्या होत्या, जमली तर दर आठवड्याचा डबा तुझा. त्या एका डब्यासाठी तिनं परवा अख्खी दुपार शेगडीपाशी काढली होती.

परतताना कोपऱ्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी. मिश्रणानं कढई सोडली, तेव्हाच उतरवलं."

"सोडली असं तुला वाटलं असेल."

धाकटी दोन पावलं मागे पडून चालू लागली.

दुपारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि थोरलीनं ओट्याचा ताबा घेतला. जुन्या जाड बुडाच्या कढईचा कान तुटला होता, ती दुरुस्तीला गेली होती. तिच्या जागी चार दिवस थोरलीनंच हौसेनं आणलेली नवी नॉनस्टिक कढई होती, काळी, गुळगुळीत. तिनं त्यात तूप वितळवलं, दूध घातलं. गॅस अगदी बारीक केला. पावडर थोडी थोडी भुरभुरली, गुठळ्या मोडल्या, मग साखर. साखरेनं मिश्रण एकदा सैल पडलं, आणि लाकडी उलथनं फिरता फिरता हळूहळू दाटत आलं. उलथनं फिरायचं, मिश्रण त्याच्या मागून यायचं, आईच्या मागे लेकरू यावं तसं.

आणि बघता बघता सगळं मिश्रण कडांपासून सुटलं.

'अगंबाई, आज लवकर झालं,' थोरली स्वतःशी म्हणाली. 'हात तो हात.' तूप लावलेल्या ताटात तिनं ते ओतलं, वाटीच्या बुडानं सारखं केलं.

गार झाल्यावर सुरी घातली. सुरी वर आली ती लांबच लांब दोरी घेऊनच. दुसरी रेघ मारली, तर पहिली मिटून गेली. कालच्याच डब्यातली बर्फी, तशीच्या तशी.

थोरली सुरी हातात धरून उभी राहिली. तिची नजर कढईकडे गेली. कढईला मिश्रणाचा एक डागही नव्हता. कच्चं दूध ओतलं तरी ते घरंगळून जाईल, अशी ती कढई. जुनी कढई मिश्रणाला धरून ठेवायची, त्यातलं पाणी आटेपर्यंत सोडायची नाही. म्हणून तिच्या सोडण्याला अर्थ होता. ही मुळी धरतच नव्हती, मग तिच्या सोडण्याचं काय घ्यायचं? थोरलीनं सगळा जन्म एका कढईकडे बघून बर्फी केली होती आणि त्यालाच ती हात म्हणत होती.

तिचे कान तापले. आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

ताटातलं सगळं खरवडून पुन्हा कढईत घातलं, थोड्या दुधाबरोबर. आता खूण कुठली मानायची तेच कळेना. भीतीपोटी ती ढवळतच राहिली. मनगट ठणकलं तरी थांबली नाही. गोळा घट्ट झाला, तूप सुटून कडेला आलं, तरी हात चालूच. थापलं, गार केलं, सुरी लावली, तर रेघेच्या दोन्ही बाजूंनी भुगा.

दार ढकलून नवरा आला. चिमूटभर तोंडात टाकून म्हणाला, "वा, रवा मस्त भाजलायस."

"तुम्ही बाहेर व्हा आधी!"

तो बाहेर पडला आणि त्याच दारातून धाकटी आत आली, रिकामी बादली घेऊन. तिनं भुगा पाहिला, कढई पाहिली. बादली खाली ठेवली. भुगा कढईत लोटला, दुधाचा हबका मारला आणि गॅस बारीक करून ढवळायला लागली.

थोरली बाजूला उभी. गुठळ्या विरघळल्या, परत दाटत आलं, परत कडा सुटल्या. धाकटीचा हात गॅसच्या बटणाकडे गेला आणि थबकला. तिला भरवसा उरला नव्हता. थोरलीनंच तो घालवला होता.

"थांब," थोरली म्हणाली. लाडू वळताना हाताला कळतं, ते आत्ता तिला आठवलं. "कढईकडे नको बघू. बशीत चिमूटभर काढ, निवू दे, गोळी वळून बघ."

"चिकटतेय वहिनी."

"मग ढवळ अजून."

थोड्या वेळानं धाकटीच्या बोटांवर गुळगुळीत गोळी वळली, बोटं कोरडी राहिली. गोळा उलथन्याभोवती जमून फिरत होता.

"हं, अशी वळली पाहिजे," थोरली बोलून गेली. "सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं नव्हतं. दोघींनाही ठाऊक होतं.

"हो वहिनी," धाकटी म्हणाली.

त्या 'हो'नं थोरली जागच्या जागी लहान झाली. भांडली असती, तोंडाला तोंड दिलं असतं, तर बरं होतं. तिनं तोंड फिरवून ताटाला तूप लावलं.

कोमट असतानाच धाकटीनं सुरीला तुपाचं बोट पुसलं. सुरी ओढली नाही, पुढेमागे केली नाही. सरळ वरून दाबली, सरळ उचलली. वड्या जागच्या हलवल्या नाहीत. पार गार झाल्यावर ताट उपडं केलं, तेव्हा एकेक वडी कोरीव कडा घेऊन सुटली. थोरलीला तोंडभर चांगलं म्हणायचं होतं. निघालं एवढंच, "डबा पुसून घे."

सकाळी मावशींनी वडी मोडली, खाल्ली, डोळे मिटले. "हाताची गोष्टच वेगळी हो! ए पोरी, बघ, शीक काही वहिनीकडून."

कालच्यातलं एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभंच होतं. थोरलीला वाटलं, नुसतं हसावं आणि निघावं. सोपं होतं. धाकटी तर काही बोलणार नव्हतीच.

"माझी नाही ती," थोरली म्हणाली. "हिची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... काल मी स्वतः करून बघितली तेव्हा माझीही खळच झाली. नंतर भुगा. तो हिनं सावरला. हिला शिकवलं तेच अर्धवट होतं, मावशी. आणि इथं सगळ्यांपुढं मी हिच्या हाताला नावं ठेवली."

"वहिनी, राहू दे ना," धाकटीनं तिची बाही ओढली.

"अहो, चालायचंच घरातल्या घरात," मावशी हसल्या. "बरं मग, काय गं, पुढचा डबा तुझ्याकडून घेऊ?"

धाकटीनं आधी वहिनीकडे पाहिलं, सवयीनं, परवानगी मागावी तसं. त्या बघण्यासमोर थोरलीला टिकता येईना. तिनं नजर वळवली आणि बिस्किटांच्या बरण्या न्याहाळत राहिली, मागून बारीक आवाज येईपर्यंत.

"घ्या, मावशी."